बोनसच्या महिन्यात टीडीएस का उडतो, ते नोव्हेंबरची स्लिप सांगते

प्रश्न: मी बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात आहे. पगार महिना सव्वा लाख, नवीन कर पद्धत. दर महिन्याला ८,१२५ रुपये टॅक्स जायचा. ऑक्टोबरला पगारासोबत १,२०,००० दिवाळी बोनस आला आणि टॅक्स एकदम २६,८४५ कापला. माझा मेहुणा शिनोळीला कामाला आहे, पगार-बोनस माझ्याइतकाच, त्याचा टॅक्स तीनेक हजारांनीच वाढला. आणि आमच्याच खात्यातला एक ज्युनिअर, पगार एक लाख, त्याला आजवर टॅक्सच नव्हता, त्याच्या तेवढ्याच बोनसमधून ४६,८०० गेले! बोनसला वेगळा रेट असतो काय? की कर्नाटकात जास्त कापतात?

उत्तर:

वेगळा रेट नाही, आणि कर्नाटक-महाराष्ट्राचा यात काडीचा संबंध नाही. आयकर केंद्राचा. शिनोळी चंदगड तालुक्यात म्हणजे महाराष्ट्रात गेली, तरी तिथल्या स्लिपवरचा टीडीएस त्याच कायद्याने निघतो. राज्याचा असतो तो व्यवसाय कर, स्लिपवर ‘पीटी’ म्हणून दिसतो तो. त्यातही आता दोन्हीकडे तेच झालंय. महिना २०० आणि फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. कर्नाटकात हा फेब्रुवारीचा जादा शंभर एप्रिल २०२५ पासून आला, महाराष्ट्रात तो आधीपासून होता. बोनस कितीही येवो, ऑक्टोबरचा पीटी २०० च राहतो. तुमच्या स्लिपवर बघा, तसाच असणार.

तुमच्या आणि मेहुण्याच्या आकड्यांत फरक पडला तो पेरोलवाल्याच्या पद्धतीमुळे. ज्युनिअरची गोष्ट वेगळी आहे, तिथे खरोखरच कर जास्त लागलाय. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की माणूस गोंधळतो, म्हणून आधी तुमचा हिशोब संपवतो आणि मग त्याचा घेतो. सगळे आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे, नवीन पद्धतीचे.

पगारावरचा कर कंपनी महिन्याच्या पगारावर काढत नाही, वर्षाच्या अंदाजावर काढते. कलम १९२ तेच सांगतं. या माणसाला या वर्षात आपल्याकडून किती मिळणार, त्याचा अंदाज करा, त्यावर वर्षाचा कर काढा आणि सरासरी दराने पगारातून कापत जा. मधे कमी-जास्त झालं तर पुढच्या कपातीत जुळवून घ्यायची मुभा त्याच कलमात दिलेली आहे. पेरोलच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सहसा अशा सूत्राने बसवलेलं असतं:

```
या महिन्याचा टीडीएस = (वर्षाचा अंदाजित कर − आजवर कापलेला कर) ÷ उरलेले महिने
```

उरलेल्या महिन्यांत चालू महिना धरायचा. ऑक्टोबर ते मार्च म्हणजे सहा.

आता तुमचा हिशोब. सव्वा लाख गुणिले बारा, पंधरा लाख. त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० गेली, राहिले १४,२५,०००. स्लॅबप्रमाणे पहिल्या चार लाखांवर काही नाही, चार ते आठवर ५ टक्के म्हणजे २०,०००, आठ ते बारावर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि बाराच्या वरच्या सव्वादोन लाखांवर १५ टक्के म्हणजे ३३,७५०. एकूण ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस ३,७५०, झाले ९७,५००. भागिले बारा केलं की तुमचे ८,१२५. एप्रिल ते सप्टेंबर सहा महिन्यांत ४८,७५० जमा झाले.

ऑक्टोबरला १,२०,००० आले. वर्षाचा अंदाज १६,२०,००० झाला, करपात्र १५,४५,०००. कर सेससकट १,१६,२२०. आधीच्या ९७,५०० पेक्षा १८,७२० जास्त. बोनसचा कर एवढाच, १८,७२०. बोनसच्या १५.६ टक्के, कारण तुमचा आख्खा बोनस १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्येच पडला आणि वर सेस लागला.

इथेच लोकांची फसगत होते. पगारावर तुम्ही वर्षाला ९७,५०० भरता, म्हणजे पंधरा लाखांच्या साडेसहा टक्के. बोनसवर १५.६ टक्के गेले की वाटतं, बोनसवर दुपटीहून जास्त कर घेतला. पण पगारातले पहिले चार लाख बिनकराचे जातात, पुढचे चार लाख पाच टक्क्यांत, म्हणून पगाराची सरासरी खाली येते. बोनस त्या ढिगाच्या माथ्यावर येऊन बसतो, त्याच्या वाट्याला खालचा स्वस्त स्लॅब उरत नाही. तुमचा पगार महिना दहा हजारांनी वाढला असता तर वर्षाला तेच १,२०,००० जास्त आले असते आणि तेच १८,७२० जास्त गेले असते. फक्त ते बारा महिन्यांत विरून गेले असते आणि तुमच्या डोळ्यांत आले नसते.

हे १८,७२० कधी कापायचे, याच्या दोन पद्धती मी आजवर सगळीकडे बघत आलोय.

तुमच्या मेहुण्याच्या कंपनीची पद्धत म्हणजे वरचं सूत्र जसंच्या तसं. नव्या अंदाजाचा कर १,१६,२२०, त्यातून कापलेले ४८,७५० वजा, राहिले ६७,४७०. भागिले सहा, ११,२४५. ऑक्टोबरचा टीडीएस ८,१२५ वरून ११,२४५ झाला, ३,१२० नी वाढला. बोनस एका महिन्यात आला, पण त्याचा कर मार्चपर्यंतच्या सहा स्लिपांवर पसरला.

तुमच्या कंपनीची पद्धत, पेरोलच्या भाषेत ‘एकरकमी’. पगारावरचा कर नेहमीसारखा सरासरीने चालू ठेवायचा आणि बोनससारख्या एकदाच येणाऱ्या रकमेमुळे वाढलेला कर त्याच महिन्यात पूर्ण कापायचा. ८,१२५ अधिक १८,७२०, बरोबर २६,८४५. तुमच्या आकड्यात पैशाचीही चूक नाही.

दोन्ही पद्धती चालतात. मार्चअखेर दोघांचेही १,१६,२२० च जमा होतात. माझं मत विचाराल तर एकरकमीच बरी. पैसा हातात असताना कर गेलेला परवडतो. नोव्हेंबरपासून पगार पहिल्यासारखा येतो, घराचा हप्ता, पोराची फी, सोसायटीची भिशी, सगळं जिथल्या तिथे राहतं. मेहुण्याला ऑक्टोबरला गोड वाटलं असेल, पण मार्चपर्यंत दर महिन्याला ३,१२० कमी येणार. दिवाळी होऊन गेली, बोनस संपला आणि जानेवारीत ‘माझा पगार का कमी झाला’ म्हणून तो अकाउंट्सला विचारायला जाणार. पसरवणाऱ्या कंपन्यांत हा प्रश्न दरवर्षी जानेवारीतच येतो.

तिसरी पद्धत क्वचित दिसते, आणि तीच मला सगळ्यांत शहाणपणाची वाटते. दिवाळीला बोनस द्यायचाच आहे हे कंपनीला एप्रिलमध्ये ठाऊक असेल, तर तो तेव्हाच अंदाजात धरायचा. तुमच्या बाबतीत १,१६,२२० भागिले बारा, महिना ९,६८५. एप्रिल ते मार्च एकच आकडा, ऑक्टोबरला काही हलत नाही. पण आपल्याकडे दिवाळीच्या आठवडाभर आधीपर्यंत मालक बोनसचा आकडा सांगत नाहीत, मग एप्रिलमध्ये कोण धरणार?

आता चूक. ती होते आणि तिचा आकडा सहज खपून जातो, म्हणून ती नीट उलगडून सांगतो. ही मी स्वतः केलेली आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका फाउंड्रीत पेरोल बघत होतो. नवीन सॉफ्टवेअर आलं होतं. त्यात पगाराचं प्रत्येक सदर उघडताना एक खूण करायची असते, हे सदर दर महिन्याचं की एकदाचंच. मूळ पगार, घरभाडे भत्ता वगैरेंना दर महिन्याची खूण केली आणि त्याच झपाट्यात बोनसलाही केली. दिवाळीच्या स्लिपा निघाल्या आणि दोन दिवसांनी पॅटर्न शॉपचे एक सुपरवायझर स्लिप घडी करून घेऊन आले. काही न बोलता त्यांनी ती माझ्या टेबलावर पसरली आणि टीडीएसच्या आकड्यावर बोट ठेवलं. त्यांच्या बोटाला ग्रॅफाइट लागलेलं होतं, त्याचा काळा ठसा आकड्यावर उमटला. बोनस दर महिन्याला येणार असं धरून मशीनने त्यांचा वर्षाचा कर काढला होता.

तुमच्या आकड्यांत ही चूक कशी दिसेल ते बघा. सॉफ्टवेअर समजतं, ऑक्टोबर ते मार्च सहा वेळा १,२०,००० येणार. म्हणजे पगाराच्या पंधरा लाखांवर ७,२०,०००, एकूण २२,२०,०००. करपात्र २१,४५,०००. आता बोनस १५ टक्क्यांतून वर २० आणि २५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये चढला. कर सेससकट २,४५,७००. कापलेले ४८,७५० वजा करून सहाने भागलं तर ऑक्टोबरचा टीडीएस ३२,८२५.

तुमचे खरे २६,८४५ आणि हे चुकीचे ३२,८२५, यांत फक्त सहा हजारांचा फरक आहे. बोनसच्या महिन्यात टॅक्स उडणारच असं सगळ्यांनी मनाशी धरलेलं असतं, त्यामुळे ३२,८२५ बघूनही कुणाला शंका येत नाही. नुसत्या ऑक्टोबरच्या स्लिपवरून हिशोब बरोबर की चूक हे कळायला आकडेमोड करावी लागते. नोव्हेंबरची स्लिप मात्र लगेच बोलते.

एकरकमी पद्धत असेल तर नोव्हेंबरचा टीडीएस पुन्हा ८,१२५ वर येतो. पसरवलं असेल तर तो ऑक्टोबरइतकाच, ११,२४५ राहतो. आणि बोनस दर महिन्याचा धरला गेला असेल तर नोव्हेंबरचा आकडा नेहमीच्या ८,१२५ च्याही खाली जातो. कारण नोव्हेंबरला बोनस आला नाही हे बघून सॉफ्टवेअर वर्षाचा अंदाज परत १६,२०,००० वर आणतं. १,१६,२२० मधून आजवरचे ४८,७५० आणि ऑक्टोबरचे ३२,८२५ वजा जाता उरतात ३४,६४५, भागिले पाच, ६,९२९. बोनसनंतरच्या महिन्यात टीडीएस नेहमीपेक्षा कमी आला आणि मधे तुम्ही कुठली नवी वजावट दाखवलेली नाही, तर समजायचं की ऑक्टोबरला जास्त कापलं गेलं होतं आणि आता ते हळूहळू परत जुळवताहेत.

मार्चपर्यंत तेही १,१६,२२० वरच येऊन थांबतं, पैसे बुडत नाहीत. पण दिवाळीच्या तोंडावर तुमचे सहा हजार उगाच अडकतात. ऑक्टोबरलाच लक्षात आलं तर कंपनीने कर सरकारात भरायच्या आत, म्हणजे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेआधी, अकाउंट्सला गाठायचं. एकदा भरणा झाला की तो पुढच्या पगारांतच जुळवतात. मी त्या सुपरवायझरांचे पैसे पुढच्या पगारात जुळवून दिले, पण त्यांच्या मुलीचं लग्न दिवाळीनंतर लगेच होतं आणि त्यांना ते तेव्हा हवे होते.

पसरवण्यालाही मर्यादा आहे. उरलेले महिने जितके कमी, तितका प्रत्येक हप्ता मोठा. तोच बोनस तुम्हाला फेब्रुवारीत मिळाला असता तर सूत्राने त्या महिन्याचा टीडीएस १७,४८५ आला असता, आणि मार्चमध्ये मिळाला असता तर २६,८४५. मार्चमध्ये दोन्ही पद्धती एकच होतात, भागाकार एकाने करायचा असतो. काही ठिकाणी बोनस पगाराच्या यादीत न घालता वेगळ्या पत्रकाने बँकेत जमा करतात, आणि पेरोलला त्याची खबर थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये फॉर्म १६ च्या तयारीला बसल्यावर लागते. मग मार्चचा पगार जवळजवळ कोरडा येतो. तुमच्या ऑक्टोबरच्या स्लिपवर बोनस स्वतंत्र ओळीत दिसतोय, त्यामुळे तुम्हाला ही भीती नाही. पण ज्यांच्या खात्यात बोनसचे पैसे आले आणि स्लिपवर ओळच नाही, त्यांनी मार्चची वाट बघू नये, आताच विचारावं.

आता तुमचा ज्युनिअर. त्याचे ४६,८०० बरोबर आहेत, आणि त्याला त्यात काय खटकतंय ते मला समजतं. पगार तुमच्यापेक्षा कमी, बोनस तेवढाच, आणि कर तुमच्या अडीचपट! ऐकणाऱ्याला ही चूकच वाटणार.

त्याचा पगार वर्षाला बारा लाख. ७५,००० वजा जाता करपात्र ११,२५,०००. नवीन पद्धतीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ खाली पूर्ण सूट मिळते, म्हणून त्याचा कर शून्य होता. स्लॅबप्रमाणे त्याच्यावर कर बसतच नव्हता असं नाही. बसत होता, पण सूट तो पुसून टाकत होती. बोनस आल्यावर करपात्र झालं १२,४५,०००. बारा लाखांची वेस ओलांडली आणि सूट गेली. आता स्लॅबचा पूर्ण कर लागू, बारा लाखांपर्यंतचे ६०,००० आणि वरच्या ४५,००० वर १५ टक्क्यांनी ६,७५०, मिळून ६६,७५०.

म्हणजे बारा लाखांवर ४५,००० मिळाले म्हणून ६६,७५० कर भरायचा. हा अन्याय होऊ नये म्हणून कायद्यात सीमांत सवलत ठेवली आहे. बारा लाखांच्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर नाही. त्याचं वर गेलेलं उत्पन्न ४५,०००, म्हणून कर ४५,०००. त्यावर सेस १,८००. झाले ४६,८००. तुमच्या कंपनीने तेही एकरकमी कापलं. त्याच्या स्लिपवर ६९,४२० आले असते, म्हणजे ६६,७५० आणि त्यावर सेस, तर समजायचं की सॉफ्टवेअर सीमांत सवलत विसरलं. त्याला ती मिळालेली आहे.

त्याच्या बोनसची फोड केली की गोष्ट स्पष्ट होते. पहिले ७५,००० त्याला ११,२५,००० वरून बारा लाखांपर्यंत घेऊन गेले, ते पूर्ण बिनकराचे. पुढचे ४५,००० वेशीपलीकडे पडले, ते सगळेच्या सगळे करात गेले, आणि वर सेसचे १,८०० त्याच्या खिशातून. बोनसमधले त्याच्या हातात राहिले ७३,२००. मालकाने त्याला १,२०,००० ऐवजी ७५,००० च बोनस दिला असता तर हातात ७५,००० राहिले असते. म्हणजे जास्त बोनस मिळून तो १,८०० नी मागे आला. हे त्याला सांगताना जरा सांभाळून सांगा.

ही अडचण करपात्र उत्पन्न बारा लाख ते साधारण १२,७०,५८८ या पट्ट्यातच आहे. त्याच्या वर गेलं की स्लॅबचा कर आणि वर गेलेलं उत्पन्न यांची बरोबरी होते आणि सीमांत सवलतीची गरज संपते. तिथून पुढे १५.६ टक्के. तुम्ही त्या पट्ट्याच्या बऱ्याच वर आहात, म्हणून तुमचा बोनस शांतपणे १८,७२० वर सुटला. तुम्ही त्या ६०,००० चा भार पगारातूनच दर महिन्याला उचलत होता. त्याच्यावर तो बोनसच्या एका महिन्यात आला.

त्याला अजून काही करता येईल का? एक वाट आहे. नवीन पद्धतीत एलआयसी, पीपीएफ, स्वतः भरलेलं एनपीएस, यातलं काही चालत नाही. पण कंपनीने त्याच्या नावे एनपीएसमध्ये भरलेली रक्कम, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत, नवीन पद्धतीतही वजा होते. समजा त्याचा मूळ पगार ५०,००० आहे. वर्षाचे सहा लाख, १४ टक्के म्हणजे ८४,००० ची मर्यादा. डिसेंबर ते मार्च चार महिने, त्याच्याच पगाराच्या रचनेतून महिना ११,२५० कंपनीने एनपीएसला वळवले तर ४५,००० होतात, करपात्र पुन्हा बारा लाखांवर येतं आणि आख्खा ४६,८०० नाहीसा होतो. पुरे ४५,००० जमले नाहीत तरी चालतं. त्या पट्ट्यात तो जितके हजार एनपीएसला वळवेल, तितके हजार आणि प्रत्येक हजारामागे चाळीस रुपये कर कमी होतो. पैसा निवृत्तीपर्यंत बराचसा अडकतो हे खरं, पण नाहीतरी तो करातच गेला असता. अडचण एवढीच की कंपनीची एनपीएसमध्ये नोंदणी हवी आणि पगाराची रचना बदलायची तयारी हवी. लहान कारखान्यात हे नसतं, तुमच्या कारखान्यात आहे का ते एचआरला विचारून बघायला सांगा. नोव्हेंबरच्या आत विचारलं तरच उपयोग.

एक लक्षात ठेवायला सांगा, करपात्र उत्पन्न म्हणजे फक्त पगार नाही. आपल्याकडे घरोघरी कुठल्यातरी क्रेडिट सोसायटीत ठेव असते. तिचं वीस हजार व्याज येत असेल तर तेही बारा लाखांच्या वेशीपलीकडे मोजलं जातं. त्या पट्ट्यात असेपर्यंत ते व्याज सगळं करात जातं आणि वर सेस. कंपनीला ते ठाऊक नसतं, म्हणून टीडीएसमध्ये दिसत नाही आणि जुलैत विवरणपत्र भरताना समोर येतं. ते आताच कंपनीला लिहून दिलं तर मार्चपर्यंत पगारातून जाईल.

बोनस पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये घेतला असता तर, असं तो नक्की विचारणार. बोनस यावर्षी जाहीर होऊन देय झाला असेल तर तो यावर्षीचंच उत्पन्न ठरतो, पैसे पुढे घेतले तरी. पगाराचं उत्पन्न देय होतं किंवा मिळतं, यातलं जे आधी, तेव्हाच मोजलं जातं. मालकाने मुळात जाहीरच एप्रिलमध्ये केला तर गोष्ट वेगळी, पण ते मालकाच्या हातात, ज्युनिअरच्या नाही.

आणि जाता जाता, दिवाळीला बोनससोबत कुंद्याचा डबा मिळाला असेल तर त्याची काळजी नको. वस्तूच्या रूपातली भेट वर्षात पाच हजारांच्या खाली असेल तर ती करात येत नाही. रोख रक्कम मात्र पाकिटात घालून, वर ‘भेट’ लिहून दिली तरी पगारच.

तुमच्यासाठी काम एवढंच. नोव्हेंबरची स्लिप हातात आली की टीडीएसच्या ओळीवर ८,१२५ आहे का बघा. मेहुण्याला ११,२४५ आहे का बघायला सांगा. तुमच्या दोघांपैकी कुणाचा आकडा नेहमीच्या ८,१२५ च्याही खाली गेला तर ऑक्टोबरच्या स्लिपसोबतचा वर्षाच्या कराचा तक्ता मागून घ्या आणि त्यात बोनसची अंदाजित वर्षाची रक्कम १,२०,००० लिहिली आहे की ७,२०,०००, एवढं तपासा.